तरुण छोकरी, दहा वर्षांचा अनुभव

मालतीबाई पाटील कापडाच्या ताग्यावरून हात फिरवीत, तेव्हा तुटलेला धागा आपणहून समोर येई म्हणतात. बावीस वर्षं सुरतेत त्यांनी कापड तपासलं. तेलाचा डाग, सरकलेली छपाई, रंगाची पुसट पट्टी, काही म्हणजे काही सुटायचं नाही. गेल्या दिवाळीला त्यांची मिल बंद पडली आणि बाई सुरतेच्याच गोडादरा भागातल्या घरात बसल्या. बसल्या म्हणजे काय, खिडकीचा पडदासुद्धा उजेडात धरून तपासू लागल्या!

एका सकाळी शेजारची एकोणीस वर्षांची मयुरी मोबाईल घेऊन आली. सुरतेजवळच्या पलसाण्याच्या एका कारखान्याची जाहिरात होती.

"हाई काय लिखेल शे? वाच पोरी," बाई अहिराणीत म्हणाल्या. घरी हीच भाषा.

मयुरीने घसा साफ केला. "कापड तपासायला तरुण, तडफदार छोकऱ्या हव्यात. आमच्या उत्साही, डिजिटल पिढीच्या टीममध्ये या. दहा वर्षांचा अनुभव आवश्यक."

बाईंचा चेहरा पडला. त्रेपन्नाव्या वर्षी छोकरी कुठून व्हायचं? मयुरीचाही पडला. दोन महिने चेकिंग शिकलेल्या मुलीनं दहा वर्षं कुठून आणायची?

मग बाईंना हसू फुटलं. "म्हणजे त्यांना वीस वर्षांची, दहाव्या वर्षी मशीनवर उभी राहिलेली हवी! अगं, तो तर गुन्हा आहे. चल, उठ."

"कुठे, काकू?"

"त्यांना विचारायला!"

कारखान्याच्या ऑफिसात हर्षदा बसली होती. भरतीचं काम तिचंच. टेबलावर सहा रिकाम्या जागांचा कागद होता, आणि सोमवारपर्यंत त्या भरल्या नाहीत तर सगळं काम ठेकेदाराकडे जाणार होतं.

"मावशी, आम्ही वयाची अट घातलेलीच नाही," ती म्हणाली.

"अट नाही, पण दारावरच सांगितलंत ना, आत येऊ नका," बाई म्हणाल्या. रंगमंचावर यावं तशा त्या दोन पावलं पुढे आल्या होत्या. "'छोकरी' वाचलं की माझ्या वयाच्या बायका परत फिरतात. 'दहा वर्षं' वाचलं की हिच्या वयाच्या. मग तुमच्याकडे येतं कोण?"

हर्षदा हसली, जरा ओशाळून. "चौघी आल्या. तिघी आठवड्यात सोडून गेल्या. आणि खरं सांगू? ही मी जुन्या जाहिरातीवरूनच उतरवली."

"मग आता नवी लिहा. मॅडम, काम काय आहे ते तरी सांगा."

काम होतं खालून दिवा लावलेल्या काचेवर कापड चालवून दोष शोधणं, आणि प्रत्येक ताग्याचा नंबर मोबाईलवर टाकणं. 'डिजिटल पिढी' एवढ्याचसाठी!

"मला येतं ते," बाई म्हणाल्या. "नसतं आलं तर दोन दिवसांत शिकले असते."

हर्षदाने पेन उचललं. 'डिजिटल पिढी' खोडून लिहिलं: नंबर टाकायला शिकवू. 'तडफदार' खोडून: काम उभ्याने, मध्ये बसायची सोय. 'दहा वर्षं' खोडून: एका ताग्याची चाचणी, दहापैकी सहा दोष सापडले पाहिजेत. 'छोकऱ्या'च्या जागी आलं 'कापड तपासनीस'. मग तिला उदार व्हावंसं वाटलं आणि खाली लिहिलं: ज्येष्ठांनाही संधी.

"हे काढा."

"का? तुमच्यासाठीच लिहिलं की!"

"म्हणूनच. ही मेहेरबानी झाली. अन् ही पोर म्हणेल, मग आपलं काय? अठरा पूर्ण हवीत, तेवढं लिहा. आमची जन्मसालं चाचणीआधी विचारू नका, म्हणजे झालं."

ओळ गेली. जाहिरात मराठी, गुजराती, हिंदीत त्याच संध्याकाळी निघाली.

शनिवारी दारात बावीस जणांची रांग. कॉलेज सोडलेल्या मुली, नातवंडं शाळेत सोडून आलेल्या आज्या, दोन पुरुषही. दिवाळीनंतर पहिल्यांदा मालतीबाईंच्या हातांखाली तागा येणार होता. आणि आला तसे ते हात आपोआप चालू लागले. नऊ दोष त्यांनी काढले. दहावा, कडेचा बारीक रंगडाग, मात्र सुटला.

तो मयुरीला सापडला. तिचे झाले सात.

"काकू, तुमचा सुटला!"

"सुटू दे. तुला शिकवताना मीही शिकेन."

सहा जणींच्या यादीत दोघींची नावं होती. सोमवारी सकाळी फाटकावरच्या रखवालदाराने जुन्या सवयीनं गुजरातीत हाक मारली, "चेकिंगनी छोकरीओ, आवी जाव!"

मागच्या पाचही जणी एकमेकींकडे बघू लागल्या. मालतीबाईंनी पदर खोचला, मान ताठ केली आणि सगळ्यांच्या पुढे निघाल्या.

"आली रे बाबा, आली!"