मूळ कागद हातचे सोडायचे नाहीत

यांचा मोबाईल मी अजून रोज चार्ज करते. त्यावर आता कुणी फोन करत नाही. मुलगा पुण्याहून माझ्या नंबरवर करतो, भावकीतले तेरवीनंतर थांबले. मेसेज येतात ते फक्त विमा कंपनीचे. ‘आदरणीय ग्राहक, आपला दावा कागदपत्रांअभावी प्रलंबित आहे.’ या जगात यांना आदरणीय म्हणणारी ती एकच कंपनी उरली आहे, असं मी एकदा मुलाला म्हणाले. त्याला हसावं की काय कळेना, तो म्हणाला, “आई, जेवलीस का?”

हे केजच्या तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे. संसारात यांचं एक ब्रीदवाक्य होतं, मूळ कागद हातचे सोडायचे नाहीत. कुणी काही मागितलं की झेरॉक्स काढायची, तिच्यावर ‘मूळ प्रतीबरहुकूम खरी नक्कल’ असं लिहायचं, खाली सही ठोकायची आणि मूळ कागद घरी आणून लाल फडक्याच्या बस्त्यात बांधायचा. माझं लग्नाआधीचं मॅट्रिकचं प्रमाणपत्रही त्यात आहे. नोकरीत असताना यांनी उभ्या तालुक्याचे अर्ज ‘त्रुटी पूर्ण करून सादर करावेत’ असा शेरा मारून परत पाठवले. मी चिडवायची, एक दिवस देवही तुमचा अर्ज त्रुटी काढून परत पाठवेल. तसं झालं असतं तर फार बरं झालं असतं.

न्यूमोनिया झाला तेव्हा यांना बीडच्या एका खाजगी दवाखान्यात ठेवलं होतं. तिथे विम्याचं कॅशलेस नव्हतं. म्हणून माझ्या नावची ठेव मोडून बिल भरलं आणि पैसे कंपनीकडून परत मागायचं ठरलं. अकरा दिवस मी आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर काढले. भेटायला सकाळ-संध्याकाळ पंधरा मिनिटं सोडायचे. त्यातही हे विचारायचे ते पावत्यांचं. मेडिकलची पावती घेतली का, तिच्यासोबत डॉक्टरची चिठ्ठी लावली का, पावतीवर नंबर आहे का. मी कुठे झोपते, काय खाते, हे अकरा दिवसांत एकदाही विचारलं नाही. मला त्याचा राग आला होता. तो राग मी यांना बोलून दाखवला नाही, आणि पुढे बोलायला हे राहिले नाहीत.

सुट्टी होऊन घरी आल्यावर सातव्या दिवशी यांनी दाव्याची फाईल करायला घेतली. उशीला टेकून, दम खात, दोन दिवस ते काम चाललं होतं. मग मला पोस्टात पाठवून स्पीड पोस्ट करायला लावलं आणि पोच पावती स्वतः चिकटवून ठेवली. त्यानंतर पंधरा दिवसांनी सकाळी चहा घेताघेता हे गेले. कप बशीत नीट ठेवला होता.

पहिले दोन मेसेज आले तेव्हा मी दुर्लक्ष केलं. यांनी पाठवलेल्या फाईलमध्ये त्रुटी असेल हे माझ्या डोक्यातच येईना. तिसऱ्या मेसेजात लिहिलं होतं की पंधरा दिवसांत कागद पूर्ण झाले नाहीत तर दावा बंद करण्यात येईल. ते वाचून मात्र मी हलले. ठेव गेली तर गेली, माझी पेन्शन मला पुरते. पण या माणसाच्या हातची शेवटची फाईल ‘अपूर्ण’ म्हणून बंद व्हावी, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

मी एसटीने बीडला गेले. अर्धं तिकीट, खिडकीची जागा. शेजारच्या सीटवर मी सवयीने पिशवी ठेवली, यांच्यासाठी जागा धरावी तशी, आणि मांजरसुंब्याला एक बाई येऊन उभी राहिली तेव्हा कुठे ती उचलली. पालीजवळ बिंदुसरेचं पाणी दिसलं की हे दर वेळी सांगायचे, धरण यंदा इतकं भरलंय. त्या दिवशी किती भरलं होतं ते मी पाहिलं, पण सांगायला कुणी नव्हतं.

कंपनीची शाखा म्हणजे एका दुकानाच्या माडीवरची दोन टेबलं. तिथले साहेब पन्नाशीचे, सभ्य होते. मी बाई आहे, शिक्षिका होते, आणि आता विधवा आहे, या तिन्हींचा त्यांनी मान ठेवला. त्यांनी कॉम्प्युटरवर यांची फाईल उघडून स्क्रीन माझ्याकडे वळवली. डिस्चार्ज कार्ड, बिल, पावत्या, एक्स-रेचा रिपोर्ट, सगळं ओळीने होतं. प्रत्येक पानावर खरी नक्कल, सही, आणि सहीखाली ‘अव्वल कारकून (सेवानिवृत्त)’. सोबतच्या पत्रात यांनी लिहिलं होतं, ‘मूळ कागदपत्रे मागणी केल्यास पडताळणीसाठी समक्ष सादर करण्यात येतील.’

“बाई, यात एक बी ओरिजिनल न्हाई,” साहेब हळू आवाजात म्हणाले. “आमाला सगळं मूळच लागतं.”

मला आधी हसू आलं. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या त्रुटी काढणारा माणूस स्वतः त्रुटीत निघाला होता. मग मी पाण्याचा ग्लास मागितला.

यांच्या जाण्याने काम आणखी वाढलं होतं. पॉलिसी यांच्या नावची, वारस म्हणून नाव माझं, तेव्हा पैसे आता माझ्या खात्यात यायचे. साहेबांनी मला एका कागदावर सगळं लिहून दिलं. डिस्चार्ज कार्ड मूळ. शेवटचं बिल मूळ, कशाचे किती ते सगळं फोडून दाखवलेलं. पैसे भरल्याच्या पावत्या मूळ. औषधांची बिलं, त्यांच्या डॉक्टरच्या चिठ्ठ्यांसकट. रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रेची फिल्म. दवाखान्यातल्या रोजच्या नोंदींच्या कागदांची प्रत, प्रत्येक पानावर दवाखान्याचा शिक्का. नगरपंचायतीचा मृत्यूचा दाखला. माझं आधार, पॅन, आणि माझं नाव छापलेला रद्द केलेला चेक. यांच्या खात्याचा चेक आता चालणार नव्हता.

नोंदींच्या प्रतीसाठी मी तिथून तशीच दवाखान्यात जाऊन अर्ज दिला. जाताना त्या बाकड्याजवळून गेले. त्यावर दुसरीच एक बाई पदर तोंडावर घेऊन झोपली होती. तिला उठवून विचारावंसं वाटलं, कितवा दिवस आहे. विचारलं नाही.

घरी येऊन बस्ता काढला. तो मी तेरवीलाही सोडला नव्हता, कारण त्याची गाठ यांनी मारलेली होती. वर एक फास, खाली दोन निरगाठी, कचेरीतल्या दप्तराला मारतात तशी. दाताने सोडवावी लागली. आत सगळं होतं. यांच्या पद्धतीने वर अनुक्रमणिका, पानांना नंबर, टाचण्या नाहीत, सगळं सुई-दोऱ्याने शिवलेलं. मी एकेक कागद साहेबांच्या यादीशी ताडत गेले आणि बिलाचं शेवटचं पान उलटलं.

हे पाठकोरा कागद कधी वाया जाऊ देत नसत. दूधवाल्याचा हिशेब, रद्दीचं वजन, सगळं पाठकोऱ्यावर. बिलाच्या मागेही पेन्सिलीने लिहिलेलं होतं. अक्षर हलत होतं, पण ओळी सरळ होत्या. वर लिहिलं होतं, ‘कंपनी देणार नाही ते’. खाली हातमोजे, डायपर, नोंदणी फी, येण्याजाण्याचं जीपभाडं. प्रत्येकापुढे रक्कम. सर्वांत खाली एक ओळ होती आणि तिच्यापुढची जागा रिकामी होती.

‘हिचे अकरा दिवस, बाकड्यावर. पावती नाही.’

मी ते पान मांडीवर घेऊन बसले. दोन कप चहा केला होता, दोन्ही थंड झाले. दोन कप करायची सवय अजून जात नाही. तो मनातला राग, जो मी इतके दिवस जपून ठेवला होता, तो आता कुणावर धरायचा तेही कळेना. या माणसाला सगळं दिसत होतं. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, तोंडाने एक शब्द बोलला असता तर काय बिघडलं असतं?

आणि आता तेच पान कंपनीला मूळ हवं होतं. एकदा दिलं की ते परत मिळत नाही, हे साहेबांनी आधीच सांगितलं होतं. दवाखान्यातून दुसरी प्रत मिळेल का, म्हणून मी फोन केला. डुप्लिकेट देऊ, पण डुप्लिकेटवर कंपनी पुन्हा त्रुटी काढील, मूळ का नाही ते विचारील, असं तिथल्या बिलिंगवाल्या बाईने सांगितलं. माझ्याकडे सहा दिवस उरले होते. मूळ कागद हातचे का सोडायचे नाहीत, हे मला त्या सहा दिवसांत समजलं.

पाचव्या दिवशी मी सगळं घेऊन बीडला गेले. वाटेत दवाखान्यातून शिक्क्यांचे कागद घेतले. साहेबांनी एकेक पान तपासलं, शिवण बघून कौतुक केलं आणि बिलाचं शेवटचं पान उलटल्यावर थांबले. त्यांनी ते वाचलं, मला दिसलं. मग ड्रॉवरमधून रबर काढलं.

“पेन्सिलीचं हाय बाई, खोडून घ्या. वर कुणी उगं शंका काढील.”

मी तेहेतीस वर्षं पोरांच्या वहीतलं चुकलेलं खोडून दिलं. चूक नसलेलं मी कधी खोडलं नाही. मी त्यांना म्हणाले, “राहू द्या. कुणी विचारलं तर बरोबर आहे म्हणून सांगा.”

रबर परत ड्रॉवरमध्ये गेलं. मी पाच मिनिटं मागितली आणि ते पान शिवणीतून सोडवून खालच्या झेरॉक्सच्या दुकानात घेऊन गेले. दुकानदाराने विचारलं, दोन्ही बाजू काढू का? मी म्हणाले, मागचीच काढा.

पान परत वर नेऊन दिलं. साहेबांनी पोच दिली, तीत कागदांची संख्या लिहिली. तिथेच उभ्याउभ्या मी त्यांचं पेन मागून घेतलं. झेरॉक्सवर पेन्सिलीची अक्षरं फिकी आली होती, पण शेवटची ओळ वाचता येत होती. तिच्याखाली मी लिहिलं, ‘मूळ प्रतीबरहुकूम खरी नक्कल’, आणि माझी सही केली.