सगुणच्या एकाच संध्याकाळच्या आठ नोंदी

आमच्या बँकेच्या पेडण्याच्या शाखेत गुरुदास क्लार्क आहे. देवमाणूस, पण चिकट! रिपोर्टात काही खटकलं की चहा थंड झाला तरी त्याची मान वर होत नाही. मी कॅशियर गौरवी, शेजारच्याच काउंटरवर बसून रोज त्याच्यावर चिडते.

त्या सकाळी आमची एजंट सुलोचनाने पिग्मीचं मशीन आणि आदल्या दिवशीची रोकड आणून दिली. ती हरमलात दारोदार फिरून लोकांची रोजची बचत गोळा करते. नवरा अंथरुणाला खिळलेला, घर तिच्याच कमिशनवर चालतं. गुरुदासने मशीनमधल्या नोंदी संगणकात उतरवल्या, मी पैसे मोजले. रक्कम तंतोतंत जुळली. पण रिपोर्टात दिपाली नावाच्या खात्यावर एकाच रकमेच्या आठ नोंदी होत्या, सगळ्या एकाच संध्याकाळी, पाठोपाठ.

एकच नोंद चुकून आठदा पडली असती तर रोकड कमी भरली असती. ती तर जुळत होती. मग मॅनेजरांना दुसराच संशय आला. एजंट रोज पैसे घेतो, स्वतः वापरतो आणि सवडीने एकदम भरतो, असं पूर्वी कुठे कुठे झालेलं. त्यांनी मशीन काढून घेतलं. सुलोचना म्हणाली, दिपालीच्या बापानेच, सगुणने, तसं करायला सांगितलं. बिचारीचा चेहरा बघवेना. माझं तर डोकंच फिरलं.

गुरुदास शांतपणे म्हणाला, आधी खातेदाराच्या घरी विचारू. दुपारी मलाही स्कूटरवर मागे बसवून हरमलला नेलं.

सगुण ट्रॉलरवर खलाशी. तो आदल्याच दिवशी, आठ दिवसांनी, दर्यावरून परतला होता. सुलोचनाला मध्ये एक पैसाही दिला नव्हता, आठही दिवसांचे पैसे काल एकदम दिले, असं त्याने सांगितलं. मग आठ वेगळ्या पावत्या कशाला?

तो खाली बघत म्हणाला, "चेडू, माजी दिपाली, म्हापशाक शिकता. खात्याक तिचोच नंबर आसा. पावती फाडली की तिका मेसेज जाता. दर्यात फोन लागणा नाय. एकच मेसेज गेलो तर तिका वाटतला, बापाशीक एकच दिवस याद इली."

मला तेवढ्यावरच पटलं.

तरी गुरुदास तो गुरुदासच! बँकेत येऊन, खात्री म्हणून, मॅनेजरांसमोर त्याने दिपालीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. मेसेज कसे येतात, एवढंच विचारलं.

"बरेच दिवस काहीच येत नाही," ती म्हणाली. "मी फोन उशाशी घेऊन झोपते. मग एका संध्याकाळी पाठोपाठ यायला लागतात. पहिला वाजला की कळतं, बाबा जिवंत परत आले. पुढचे मी वाचतसुद्धा नाही, रडत बसते."

मॅनेजरांनी उठून मशीन स्वतः, सकाळपासून थांबलेल्या सुलोचनाच्या हातात दिलं. रिपोर्टावर गुरुदासने लिहिलं, 'खातेदारांकडे खात्री केली. नोंदी बरोबर आहेत.'