पहिल्या दिवसाच्या व्हिडिओतून वगळलेली बाई

जासईजवळच्या कंटेनर यार्डात सत्यभामाबाईंनी एकोणतीस वर्षं काढली. साहेब आले नि गेले, कॉम्प्युटर तीनदा बदलले, पण नवा माणूस पहिल्या दिवशी आणून बसवायचा तो बाईंच्याच शेजारी. का, हे कुणी विचारलं नाही. बाई गावातल्याच, दहावी पास, आणि जिभेला हाड नाही. मागल्या वर्षी रिटायर झाल्या नि एका वर्षाचं एक्स्टेन्शन मिळालं. ते मार्चअखेर संपणार होतं. पुढचं मिळावं अशी त्यांची फार इच्छा होती. घरी बसून टीव्हीकडे बघण्याची कल्पनाच त्यांना सोसत नव्हती.

अशात बेलापूरच्या हेड ऑफिसातून एचआरच्या क्षिप्रा मॅडम आल्या. नव्या लोकांसाठी पहिल्या दिवशी दाखवायचा सहा मिनिटांचा व्हिडिओ करायचा होता. "तुम्ही जे शिकवता ते सगळं स्क्रिप्टमध्ये घेऊ," मॅडम म्हणाल्या. "तुमचं नावही येईल. मॅनेजमेंट बघेलच की."

बाईंना तेवढं पुरलं. दोन दुपारी बसून त्यांनी सगळं ओतलं. हेल्मेट नि चमकतं जाकीट घातल्याशिवाय यार्डात पाय टाकायचा नाही. कंटेनर उचलणारं मशीन मागे येत असेल तर ड्रायव्हरला आपण दिसतो असं धरून चालायचं नाही. कंटेनरचा नंबर म्हणजे चार अक्षरं नि सात आकडे. तो आणि दाराला ठोकलेल्या सीलचा नंबर कागदावरून उतरवायचा नाही, जाऊन डोळ्यांनी बघायचा. पहिल्या आठवड्यात एकट्याने नोंद करायची नाही, शेजारी जुना माणूस हवा. आणि कळलं नाही तर दहादा विचारायचं.

स्क्रिप्ट हेड ऑफिसात गेली नि तिचं जे व्हायचं ते झालं. मोठ्या साहेबांना सुरुवातीला "आपण एक कुटुंब आहोत" हवं होतं, त्यात दीड मिनिट गेलं. झाडं लावतानाचे फोटो आले. सीलचा नंबर "फार टेक्निकल" म्हणून गेला. हेल्मेट राहिलं, कारण ते फोटोत छान दिसत होतं.

मग माणसांची ओळख. आयटीचे स्वानंद सर हसत म्हणाले, "लॉगिनसाठी मला भेटा," आणि पंधरवड्यात राजीनामा देऊन गेले. पुन्हा शूटिंग. त्यांच्या जागी आलेली मनाली महिनाभर टिकली. तिसऱ्यांदा कॅमेरा आला तेव्हा बाईंचं डोकं फिरलं.

"मॅडम, नावं कशाला घेताव? मानसं टिकत नाय हितं. पद लिवा. पद कुठं पलून जात नाय."

सूचना मॅडमना इतकी आवडली की त्यांनी ती स्वतःच्या नावाने वर पाठवली. सगळी नावं गेली, पदं आली. बाईंचं पद शोधायला कंपनीचा पदांचा चार्ट उघडला, तर त्यांच्या नावापुढे "दस्तऐवज लिपिक". शिकवण्याचं पद चार्टात नव्हतंच. मॅडमनी "अडचण आल्यास सत्यभामाबाईंना भेटा" हे वाक्य कापलं नि त्या जागी घातलं, "अडचण आल्यास प्रशिक्षण समन्वयकांना भेटा." असा समन्वयक कंपनीत कुणीच नव्हता. बाईंनी तो व्हिडिओ दोनदा बघितला. आपल्याच हाताने आपण गेलो, असं झालं.

सोमवारी तीन नवे आले. व्हिडिओ बघून झाला, लॉगिन आलं नव्हतं, समन्वयक भेटेना. तिघं दुपारपर्यंत खोलीत बसून एकमेकांकडे बघत राहिले. यार्डाचे मॅनेजर आशुतोष सर धावत बाईंकडे आले.

"भामाताई, जरा बघा ना त्यांच्याकडे."

"सर, समन्वयकाचं काम हाय ते. त्यात माजं नाव नाय."

"अहो, पण रोज तुम्हीच बघता."

"मग तेच कागदावर लिवा. लिवलंत की उठते."

सरांनी हेड ऑफिसला मेल टाकला, त्याखाली आणखी दोन. कामं अडली होती, त्यामुळे चक्क चारच्या आत उत्तर आलं. मंजूर. "प्रशिक्षण समन्वयक" हे पद चार्टात धरलं गेलं. बाई उठल्या, तिघांना हेल्मेटं दिली, नि संध्याकाळपर्यंत यार्डात फिरवून सीलं दाखवली. मशीनच्या आवाजावर आवाज चढवून बोलताना किती दिवसांनी त्यांना बरं वाटत होतं.

आठ दिवसांनी क्षिप्रा मॅडमचा फोन आला. आवाज गोड होता. पद नियमाप्रमाणे भरायचं, म्हणून किमान पात्रता पदवी ठेवावी लागली. बाहेरून एक जण निवडलाय, एमबीए आहे, पंचवीस तारखेला रुजू होतोय. एक्स्टेन्शनचं मात्र वरून नाही आलं.

"फक्त एक रिक्वेस्ट होती, ताई. त्याला यार्डातलं काही माहीत नाही. तो तुमचा शेवटचा आठवडा आहे, तर त्याला तेवढं शिकवून जाल का?"

बाईंनी डोक्यावरचं हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं.

"त्याला व्हिडिओ दाखवा," त्या म्हणाल्या, नि फोन ठेवला.