निम्मा उघडलेला कॉक

पिंपळीला आमच्या दारात पूर्वी जमिनीत बांधलेला हौद होता. पाणी कालव्याचं, त्यामुळं तळाशी गाळ साचायचा. दिवाळीआधी सासूबाई आणि मी पदर खोचून आत उतरायचो. उरलेलं पाणी डब्यानं उपसायचं, गाळ घमेल्यात भरून वर द्यायचा. अख्खा दिवस जायचा, कंबर मोडायची. पण घरात मोजकंच बोलणाऱ्या सासूबाई त्या हौदात माहेरच्या गोष्टी सांगत सुटायच्या. तिथं ऐकायला दुसरं कुणी नसायचं ना!

मग आमच्या ह्यांनी ओट्यावर नवी टाकी बांधली. तळाला एका कोपऱ्याकडं उतार, तिथंच वॉशआऊटचा पाइप आणि बाहेर त्याचा कॉक. घरात पाणी नेणारा पाइप मात्र वीतभर वर, म्हणजे गाळ नळाला येत नाही. तळाशी थोडं पाणी राहिलं की कॉक उघडायचा आणि खराट्यानं गाळ ढवळत कोपऱ्याकडं लोटायचा. सगळं आपोआप केळीच्या बुंध्याशी. तासाभरात टाकी लख्ख. "बायकांचा तरास गेला," असं हे गावभर सांगत फिरले. गेला, खरंच गेला. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

यंदा सासूबाईंचे गुडघे आत उतरू देईनात. त्या बाहेर कॉकपाशी स्टूल टाकून बसल्या. मी आत ढवळत होते, पण पाणी काही उतरेना.

"आत्या, पुरता उघडा की कॉक!"

"न्हाय," बाहेरून आवाज आला. "निम्माच ठेवते. माझं बोलणं व्हायचं हाय अजून."