ज्योतीरामची लवकर सुटका

ता. ९ एप्रिल १९५६ रोजी ज्योतीराम शेलारला पिंपरीच्या एका नव्या कारखान्याचे पत्र आले. पगार दरमहा एकशे अठरा रुपये आठ आणे. आमच्या चिंचवडच्या तेलगिरणीत त्याला बहात्तर मिळत. मी गिरणीचा हिशेबनीस, म्हणून पत्र वाचायला त्याने माझ्याकडेच आणले.

ज्योतीराम बॉयलर सांभाळत असे. परीक्षा पास झाल्याचा दाखला गिरणीत त्याच्या एकट्याकडे होता आणि असा दाखलेवाला माणूस हजर नसेल तर बॉयलर पेटवायचा नाही, हा कायदा. त्यामुळेच त्याच्या नेमणुकीत तीन महिन्यांच्या नोटिशीची अट होती. कारखान्याला तो एक मेपासून हवा होता.

"आधी तिकडे विचार," मी म्हणालो. "थांबतील का ते."

तो सुट्टी काढून पिंपरीला गेला. तिथल्या नोकरभरतीच्या साहेबांना, सयाजीराव मोहित्यांना, त्याने नोटिशीची अट दाखवली. मोहिते म्हणाले, "जुलैपर्यंत नाही थांबता येणार. एक जूनला आलात तर जागा तुमची. दोन तारखेला यादीतल्या पुढच्या माणसाला बोलावणार." ज्योतीराम भिडस्त, पण त्याने तेवढे लेखी मागून घेतले.

मग मालकांची गाठ. दौलतरावांनी कागद बाजूला सारला.

"परीक्षेला तुला भरपगारी रजा कोणी दिली रे?"

"तुम्हीच, मालक."

"आणि आता मलाच विझवून चाललास?"

दौलतरावांनी सांगलीच्या एका माणसाशी बोलणे केले होते, पण तो पंधरा जूनआधी मोकळा होणार नव्हता. मधला पंधरवडा बॉयलर कोण चालवणार, यावर चार दिवस घोडे अडले. पाचव्या दिवशी तोड ज्योतीरामनेच काढली.

"मालक, दरसाल आषाढात आपण बॉयलर उघडतोच. ते यंदा मेअखेर उरकू. चोवीस तारखेला विझवतो, आतून खरवडतो, तपासनीस साहेबांना दाखवून पास करून देतो आणि एकतीसला जातो. तुमचा नवा माणूस आला की पेटवा."

मालकांनी माझ्याकडे पाहिले. उन्हाळ्यात शेंगाही संपत आलेल्या. मी मान डोलावली. "मग राहिलेल्या नोटिशीचा पगार कापू नका," ज्योतीराम चाचरत म्हणाला. तेही मालकांनी मान्य केले. तपासनिसांच्या कचेरीला तारीख अलीकडे आणण्याचा अर्ज मीच लिहिला.

शेंगा निवडणाऱ्या सहा बायांचा विचार आम्हां तिघांपैकी एकाच्याही मनात आला नाही. आषाढात गिरणी बंद झाली की त्या थेरगावला भांगलणीला जात, त्यामुळे त्यांची मजुरी बुडत नसे. वैशाखात शेतात काही काम नसते.

राहिलेली मजुरी न्यायला त्या आल्या तेव्हा हे त्यांच्यातल्या कौशल्याबाईने सांगितले. ज्योतीराम बॉयलरच्या तोंडाशी बसून, काजळीने काळा होऊन, आतले पापुद्रे झाडत होता.

"काय वो दाजी, तुमीच सांगितलं म्हनं मालकाला, आत्ताच इजवा म्हणून?"

"व्हय, बाई."

"लई झ्याक. तुमाला शंभराची नोकरी, आमाला अठरा दिस उपास. आषाढात आमी कवा कुरकुरलो का?"

"माझ्या ध्यानात नाही आलं."

"न्हाई येनार. आत बसल्यावर भाईरचं कुठं दिसतंय!"

बाकीच्या हसल्या. ज्योतीराम हसला नाही. संध्याकाळी माझ्याकडे येऊन म्हणाला, "राव, पिंपरीला नाही म्हणून कळवू का?"

"आता कळवून काय होणार? बॉयलर थंड झालाय. तपासनीस परवा येणार."

"बारा आणे रोजाने, रविवार सोडून अठरा दिवसांचे किती होतात?"

"साडेतेरा. सहा जणींचे एक्याऐंशी."

बॉयलर पास झाला. एकतीसला सगळ्यांनी त्याला चहा पाजला, दौलतरावांनी पाठीवर हात ठेवला. त्या चहाला बाया नव्हत्या, गिरणी बंद असल्याने त्या आल्याच नव्हत्या. एक जूनला तो पिंपरीला रुजू झाला.

जुलैपासून दर पगाराला तो सायकलवरून गिरणीत यायचा आणि बायांना थोडेथोडे द्यायचा. पहिल्यांदा कौशल्याबाईने हात मागे घेतला. "भीक न्हाई पायजे."

"भीक नाही. तुमची मजुरी आहे."

"मग पुरी द्या," ती म्हणाली आणि पदरात दोन रुपये बांधले.

मालकांना हे कळले तेव्हा ते म्हणाले, "खुळा आहे." पण पुढच्या वर्षी बॉयलर आषाढातच उघडायचा, असे त्यांनी मला नोंदवून ठेवायला लावले. मी नोंदवले. तारीख अलीकडे आणण्याचा अर्ज माझ्या अक्षरात होता, तरी त्या एक्याऐंशीत मी काही घातले नाही.

आता १९५८ साल चालू आहे आणि पुढच्या वर्षी मी निवृत्त होईन. पाच जणींचे पुरे फिटले. कौशल्याबाई मध्येच लेकीकडे जुन्नरला गेली. तिला द्यायचा दीड रुपया अजून बाकी आहे.