सरांचं शून्य

भौतिकशास्त्राच्या सरांना मुलं पाठीमागे ‘पावकी’ म्हणायची, कारण पाव गुणसुद्धा ते कुणाला फुकट देत नसत. एकतीस वर्षं शिकवलं, पण ‘माझं चुकलं’ हे शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. बायको चारचौघांत म्हणायची, “ह्यांच्या चुका होतच नाहीत. गैरसमज होतात, तेही आमचे!”

त्या दुपारी धाकट्या मॅडम स्टाफरूममध्ये आल्या. एकेकाळची सरांचीच विद्यार्थिनी, आता शेजारच्या टेबलावरची सहकारी. हातात एक उत्तरपत्रिका होती.

“सर, ही मुलगी दोन गुणांनी नापास आहे. पुढच्या वर्गाचे प्रवेश आज पाचला बंद होतायत. आणि पाचवा प्रश्न तिचा बरोबर आहे.”

“बरोबर कसला? उत्तर शून्य आहे. हिने अधिक-उणे एच-बार भागिले दोन लिहिलंय.”

मॅडमनी खडू घेतला आणि फळ्यावर मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांची चौकट, मांडली. वर शून्य-एक, खाली एक-शून्य, बाहेर एच-बार हा स्थिरांक भागिले दोन. इलेक्ट्रॉनचा एक्स दिशेचा स्पिन, म्हणजे त्याच्या गिरकीचं माप.

“स्पिन झेड दिशेत वर आहे. वरच्या डाव्या कोपऱ्यात शून्य. झालं की!” सर म्हणाले.

“ती सरासरी झाली, सर. सरासरी घरात अडीच मुलं असतात, म्हणून अर्धं मूल कुणी कडेवर घेतं का?”

सरांना हसू आलं, पण त्यांनी ते मिशीखाली दाबलं. मग स्वतःच उठले. कर्णावरच्या दोन्ही शून्यांतून लॅम्डा वजा केला, निश्चयक शून्य धरला. लॅम्डाचा वर्ग बरोबर एच-बारचा वर्ग भागिले चार. आयगेनमूल्यं, म्हणजे मोजणीत मिळू शकणारी मूल्यं, दोनच: अधिक एच-बार भागिले दोन आणि उणे एच-बार भागिले दोन. एका मोजणीत यंत्र ह्यातलं एक दाखवणार, निम्म्या वेळा हे, निम्म्या वेळा ते. शून्य कधीच नाही.

“पण प्रश्न सरासरीचाच...” सरांनी प्रश्नपत्रिका ओढली. ‘मोजणीत कोणती मूल्यं मिळू शकतात?’ असं छापून आलं होतं. पहिल्या खर्ड्यात सरासरी विचारली होती, नंतर त्यांनीच प्रश्न बदलला आणि उत्तरसूची तशीच ठेवली. आली का पंचाईत!

“आता गैरसमज कुणाचा म्हणायचा, सर?” मॅडम गालात हसल्या.

“गप्प बस गं,” सर पुटपुटले. कान लाल झाले होते. घड्याळात साडेचार.

त्यांनी गुण सुधारले, सही केली, बाकीच्या उत्तरपत्रिका पुन्हा तपासायला मॅडमकडे दिल्या आणि कधी नव्हे ते जिना धावत उतरले. ऑफिसच्या खिडकीशी ती मुलगी कॉलेज सोडल्याचा अर्ज भरत होती. सरांनी तिच्या हातातून पेनच काढून घेतलं.

“फाड तो. पास आहेस तू. प्रवेशाचा फॉर्म घे आधी.”

मुलगी बघतच राहिली. “सर, मी आकडेमोड चारदा केली होती. तुम्ही शून्य दिलंत, म्हणजे मलाच काही येत नाही असं वाटलं.”

सरांनी पेन तिच्या हातात परत ठेवलं. आजूबाजूला निम्मं ऑफिस कान टवकारून उभं होतं.

“तुला येत होतं, बाळ,” ते मोठ्यांदा म्हणाले. “माझं चुकलं.”