काट्याचं शून्य

माझा राग चढतो पटकन आणि उतरतो सावकाश. म्हैसूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी बरीच वर्षं विमानाच्या पंखांवर वारा सोडून मोजणी करणाऱ्या विंड टनेलची प्रयोगशाळा सांभाळतोय, आणि मुलं मला घाबरतात याचा मला छुपा अभिमान होता. त्या एका आठवड्यानंतर तो उरला नाही.

आमच्याकडे दरवर्षी सरळ, बिनकमानीच्या पंखावर प्रयोग होतो. जुन्या वह्या मुलांच्या हातून हातात फिरतात, आकडेही फिरतात. म्हणून त्या वर्षी मी म्हटलं, प्रत्येकानं आपापला कमानदार पंख करून आणा. सगळ्यांत आधी एका मुलीनं पातळ पत्र्याचा आणला. लष्कर मोहल्ल्यात तिच्या वडिलांचं पत्र्याच्या कामाचं दुकान आहे, त्यांनीच तो वाकवला होता. दीडशे मिलिमीटर रुंद, मधोमध बरोबर सहा मिलिमीटर उंच. इतकी देखणी कमान आमच्या वर्कशॉपमध्येही झाली नसती.

सिद्धांत सोपा आहे. कोन मोजायचा तो पंखाची पुढची आणि मागची कड जोडणाऱ्या रेषेपासून. सरळ पंखाला शून्य कोनात वारा उचलत नाही. कमानदार पंखाला तिथेही उचलतो, आणि ती उचल घालवायची तर त्याचं नाक खाली झुकवावं लागतं. या पत्र्याला साधारण साडेचार अंश. मात्र कोन वाढवला की उचलीचा गुणांक ज्या चढानं वाढतो, तो चढ दोन्हींचा एकच, दर रेडियनला दोन गुणिले पाय (२π), म्हणजे दर अंशाला सुमारे शून्य पूर्णांक अकरा. कमान आलेखाची रेषा बाजूला सरकवते, तिचा चढ बदलत नाही.

तिच्या आलेखात चढ छान आला होता. पण रेषा थेट शून्यातून गेली होती, हुबेहूब सरळ पंखासारखी. माझं डोकंच फिरलं. भर वर्गात मी तिची वही वर धरली आणि म्हणालो, हे आकडे जुन्या वहीतले आहेत, वडिलांचा पत्रा हिनं टनेलमध्ये चढवलासुद्धा नाही. प्रयोगाला शून्य गुण दिले आणि कॉपीची तक्रार लिहिणार असं सांगितलं. ती तक्रार पुढे गेली असती तर तिचं वर्ष गेलं असतं.

वर्ग सुटल्यावर ती दाराशी थांबली. आपापल्या घरी आम्ही दोघंही कन्नडमिश्रित मराठीच बोलणारे.

"सर, मी कोनाच्या काट्याला हातच लावला नाही. होता तसाच ठेवला, नोडी, बघा ना."

मी तिला जायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तक्रारीसोबत फोटो जोडावा म्हणून मी टनेल उघडला. तिचा पत्रा अजून तिथेच होता. कोनाचा काटा शून्यावर. मी सहज दोन्ही कडांवर पट्टी टेकवली आणि तिच्यावर कोनमापक ठेवला. पत्र्याचं नाक साडेचार अंश खाली होतं.

मग आठवलं. तिच्या प्रयोगाच्या आदल्या संध्याकाळी पत्रा मीच चढवला होता. आणि हाताला दरवर्षीची सवय: वारा सुरू करायचा, उचल नाहीशी होईपर्यंत पंख फिरवायचा, तिथे काट्याचा स्क्रू ढिला करून काटा शून्यावर आणायचा आणि आवळायचा. सरळ पंखाला ही रीत अगदी बरोबर. कमानदार पंखाचं जे मोजायचं होतं, तेच मी स्क्रू आवळून पुसून टाकलं होतं. तिचे आकडे खरे होते. वहीच्या तळाशी तिनं लिहिलंही होतं, काटा आधीच लावलेला होता. ती ओळ मी वाचलीच नव्हती.

मी तक्रार फाडली. तिला खोलीत बोलावलं, दार लोटलं आणि माफी मागितली. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"अप्पांना काल सांगितलं होतं, सर. ते म्हणाले, पत्राच वाकडा झाला असेल माझ्या हातनं." मग म्हणाली, "वर्गात सांगाल का?"

हो म्हणालो. सांगायचं ठरवूनच वर्गात गेलो. पण साठ चेहरे समोर दिसले आणि माझी जीभ वळली नाही. मी म्हणालो, उपकरणाच्या काट्यात दोष होता, हिच्या आलेखातल्या सगळ्या कोनांतून साडेचार अंश वजा करा. फळ्यावरही तेच लिहिलं. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती, आणि तरी मी खडू खाली ठेवून पुढच्या धड्याकडे वळलो.

आठवड्यानं तिची सुधारलेली वही माझ्याकडे आली. रेषा बरोबर जागी सरकली होती. ‘चुकीचं कारण’ या रकान्यात तिनं माझंच वाक्य सुबक अक्षरात उतरवलं होतं: उपकरणाच्या काट्यातील दोष. त्याखाली मी लाल शाईनं सही केली.